गुणपत्रिका पुन्हा वाचायला कोण बसलंय?

गणपती उठले की परदेशी विद्यापीठांच्या अर्जांची धांदल सुरू होते. पुढच्या ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या वर्गांसाठी अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते. इंग्रजीची परीक्षा देऊन होते, विद्यापीठाच्या खिडकीवर खेटे घालून ट्रान्स्क्रिप्ट हातात पडतात, शिफारसपत्रांसाठी सरांच्या मागे लागून होतं. मग शेवटी उरतो एक-दोन पानांचा मजकूर. त्याचं पूर्ण नाव स्टेटमेंट ऑफ पर्पज, पण सगळे त्याला एसओपीच म्हणतात. मला हाच विषय का शिकायचा आहे, तो याच विद्यापीठात का, आणि आजवर मी जे केलं त्यातून ही इच्छा कशी तयार झाली, हे त्यात सांगायचं असतं. वाचायला येणाऱ्या बहुतेक मसुद्यांत मात्र यातलं काहीच नसतं. असते ती दहावीपासूनच्या यशाची यादी.

एक मसुदा समोर ठेवून बोलू. तो कुणा एकीचा नाही, अशा अनेक मसुद्यांतून जुळवलेला आहे. त्यातली तांत्रिक बाजू मात्र खरी आहे. मुलगी स्थापत्य अभियंता, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावची. तिला बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पर्यावरण अभियांत्रिकीत एमएस करायचं आहे. मूळ मजकूर अर्थातच इंग्रजीत असतो. मराठीत सांगायचा तर त्याचे पाच परिच्छेद असे.

पहिला: लहानपणापासून मला विज्ञानाची आवड होती, दहावीला ९६ टक्के मिळवून मी तालुक्यात दुसरी आले. दुसरा: अभियांत्रिकीला सीजीपीए ८.९, शोधनिबंध स्पर्धेत पहिला क्रमांक, ऑटोकॅड, पायथन आणि एपानेट यांची प्रमाणपत्रं. तिसरा: शेवटच्या वर्षी आम्ही शहराच्या पाणीपुरवठ्याचं संगणकावर मॉडेल केलं, त्याची अचूकता ९२ टक्के होती आणि विभागात सर्वोत्तम प्रकल्पाचं पारितोषिक मिळालं. चौथा: एनएसएसची प्रतिनिधी, वक्तृत्वात बक्षिसं, कथकच्या परीक्षा, यातून नेतृत्वगुण आले. पाचवा: आपलं विद्यापीठ जगप्रसिद्ध आहे, प्राध्यापक नामवंत आहेत, प्रयोगशाळा अद्ययावत आहेत, तिथे शिकणं हे माझं स्वप्न आहे.

यात खोटं काही नाही. इंग्रजीही नीट आहे. घरच्यांना वाचायला दिलं तर त्यांचा ऊर भरून येईल. म्हणून तर अशा मसुद्यावर अभिप्राय देणं अवघड जातं. चूक कुठे दाखवायची? मग वाचणारा व्याकरण तपासतो, दोन विशेषणं बदलतो, "छान झालंय" म्हणतो, आणि मसुदा होता तसाच विद्यापीठाकडे जातो.

तिकडे तो कोणाच्या हाती पडतो ते पाहू. प्रवेश समितीत प्रामुख्याने त्या विभागाचे प्राध्यापक असतात. त्यांच्यापुढे प्रत्येक अर्जदाराची सगळी फाइल असते. सर्व सत्रांचे गुण ट्रान्स्क्रिप्टमध्ये असतात. स्पर्धा, प्रमाणपत्रं, प्रकल्प, एनएसएस हे सगळं सीव्हीत असतं. ती मुलगी वर्गात कशी होती हे शिफारसपत्रांत असतं, आणि ती अमेरिकेत बहुधा तीन मागतात. हे सगळं पाहून झालेला प्राध्यापक एसओपी उघडतो आणि त्याला तेच पुन्हा भेटतं, फक्त या वेळी पूर्ण वाक्यांत. शिवाय या ढिगातला जवळजवळ प्रत्येक अर्जदार आपापल्या कॉलेजात वरच्या क्रमांकात असतो. ८.९ ऐवजी ८.७ वाला पुढे आला तर फरक कशाने पडेल? दोघांची यादी सारखीच आहे.

आपल्याकडची मुलं यादीच का करतात, हे समजून घेतलं तर अभिप्राय देताना तोल जात नाही. शाळेपासून आपण भरलेला प्रत्येक अर्ज यादी मागणारा असतो. शिष्यवृत्तीचा अर्ज, वसतिगृहाचा अर्ज, नोकरीचा अर्ज, सगळीकडे रकाने आणि सोबत साक्षांकित प्रती. लग्नासाठी पाठवायचा बायोडेटाही तसाच, उंचीपासून पगारापर्यंत ओळीने. ज्याला पुरावा जोडता येत नाही ते लिहायचं नसतं, हे अंगवळणी पडलेलं असतं. "मला हा प्रश्न पडला" याला प्रमाणपत्र कुठून आणणार? म्हणून पडलेले प्रश्न बाहेर राहतात आणि मिळालेली बक्षिसं आत येतात.

तेव्हा पहिला अभिप्राय भाषेवर द्यायचा नाही. आधी मसुदा यादी आहे की नाही ते लिहिणारीला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्यायचं. त्यासाठी दोन तपासण्या पुरतात. सीव्हीची छापील प्रत शेजारी ठेवायची आणि सीव्हीत आधीच असलेलं एसओपीतलं प्रत्येक वाक्य पेन्सिलीने खोडायचं. या मसुद्यात खोडून उरतं काय? लहानपणीची आवड आणि विद्यापीठाची स्तुती. दुसरी तपासणी याहून बोलकी आहे. परिच्छेदांचा क्रम बदलून वाचायचं. चौथा दुसऱ्याच्या जागी घातला, तिसरा पहिला केला, तरी काही बिघडत नाही. ज्या लेखनात एका गोष्टीमुळे दुसरी गोष्ट घडते तिथे क्रम हलवला की अर्थ कोलमडतो. इथे काहीच हलत नाही, कारण कशामुळे काहीच घडलेलं नाही. सगळं फक्त एकापाठोपाठ मिळालेलं आहे.

इतकं दिसलं की पुढचं काम एका जागी बसून बोलण्याचं आहे. यादीतली एकच नोंद निवडायची. कोणती? जिथे मुलीने स्वतः काहीतरी ठरवलेलं असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे ती. दहावीचे टक्के सोडून द्यायचे, कथक सोडून द्यायचं. या मसुद्यात ती जागा तिसऱ्या परिच्छेदात आहे आणि तिला ती दोन ओळींत उरकायची घाई झालेली आहे. बोलणं साधारण असं होतं.

"मॉडेल केलं म्हणजे नेमकं काय केलंस?"

"सर, नगरपरिषदेकडून पाइपांचा नकाशा घेतला. टाक्यांची उंची, पाइपांची लांबी आणि व्यास एपानेटमध्ये भरला. मग कुठल्या वॉर्डात किती दाब येतो ते काढलं."

"आणि ९२ टक्के अचूकता कशी काढलीस?"

"काही घरांच्या नळांना प्रेशर गेज लावून दाब मोजला होता. मॉडेलचे आकडे त्याच्याशी ताडून पाहिले."

"पहिल्याच फेरीत जुळले?"

इथे ती थांबते. बहुतेक मुलं याच प्रश्नाला थांबतात.

"नाही सर. शेवटच्या वॉर्डात मॉडेल ११ मीटर दाखवत होतं आणि गेजवर ३ मीटरच येत होता."

पाण्याचा दाब मीटरमध्ये सांगतात. ११ मीटर म्हणजे पाणी स्वतःच्या जोरावर साधारण तेवढ्या उंचीवर, म्हणजे तिसऱ्या मजल्यापर्यंत चढेल. ३ मीटर म्हणजे तळमजल्यावरची बादली भरेल, एवढंच. फरक किरकोळ नव्हता. मग त्यांनी काय केलं? पाइपाच्या आतल्या गुळगुळीतपणासाठी मॉडेलमध्ये एक गुणांक भरावा लागतो. नव्या पीव्हीसी पाइपासाठी तो १४०-१५० च्या आसपास धरतात. गंजलेल्या जुन्या बिडाच्या पाइपासाठी बराच कमी. या मुलांनी तो १४० वरून खाली आणत ७० केला, तेव्हा कुठे आकडे जुळले. ९२ टक्के आले ते असे.

"पण त्या वॉर्डातले पाइप पीव्हीसीचे होते ना? किती जुने?"

"सहा वर्षांचे सर. मलाही तेव्हा ते पटलं नव्हतं. सहा वर्षांत पीव्हीसी इतकं खरबरीत होत नाही."

"मग पुढे?"

"प्रकल्प जमा झाला होता. पण मी पाण्याच्या दिवशी त्या वॉर्डात जाऊन बसले."

हे शेवटचं वाक्य मसुद्यात कुठेच नव्हतं. पारितोषिकाला जागा मिळाली होती, पण पारितोषिक मिळाल्यावरही जी शंका गेली नाही तिला मिळाली नव्हती. विद्यापीठाला तिच्याबद्दल जाणून घ्यायचं असेल तर ते हेच आहे.

तिला वॉर्डात काय दिसलं, हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढचा परिच्छेद लिहिता येत नाही. त्या गावात पाणी तिसऱ्या दिवशी येतं, दीड तास. वॉलमनने चावी फिरवली की पहिली काही मिनिटं नळातून नुसती हवा फुसफुसते, कारण मधले दोन दिवस पाइप रिकामा पडलेला असतो. मग पाणी येतं तेव्हा सगळी घरं एकाच वेळी भरायला लागतात. वरच्या अंगाच्या काही घरांनी नळाला थेट मोटार जोडलेली असते, ती पाणी ओढून घेते आणि शेवटच्या घरांपर्यंत दाब उरत नाही. मॉडेलला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी माणशी १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्यासाठी आपल्याकडे धरला जाणारा आकडा घेतला होता आणि तो दिवसाच्या २४ तासांवर पसरला होता. थोडक्यात, सतत पाणी असलेल्या शहराचं मॉडेल त्यांनी तीन दिवसांतून एकदा पाणी येणाऱ्या गावाला लावलं होतं.

एपानेट हे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तयार केलेलं मोफत सॉफ्टवेअर आहे आणि जगभर वापरलं जातं. त्याची मूळ पद्धत अशी की प्रत्येक ठिकाणची मागणी आपण सांगायची. दाब असो नसो, तेवढं पाणी तिथे बाहेर पडतं असं ते धरून चालतं. प्रत्यक्षात दाब कमी असेल तर नळाची धार बारीक होते. २०२० साली आलेल्या २.२ आवृत्तीत दाबानुसार पाणी कमीजास्त धरण्याची सोय झाली. मुलीने नंतर स्वतःच ती वापरून पाहिली. गुणांक पुन्हा १४० केला, मागणी दीड तासात बसवली, आणि शेवटच्या वॉर्डातला फरक बराच खाली आला. पण पहिल्या वीस मिनिटांचं गणित तरीही बसेना, कारण पाइप कायम पाण्याने भरलेले आहेत हे एपानेटचं मुळातलं गृहीतक आहे. रिकामा पाइप भरत जाण्याची क्रिया त्याच्या चौकटीत बसत नाही. ती इथे अडली आहे. आणि ती इथे अडली आहे म्हणूनच तिला पुढे शिकायचं आहे.

एवढं निघाल्यावर मुलीची पहिली शंका ठरलेली असते. "सर, हे लिहिलं तर आमचा प्रकल्प चुकला होता असं वाटेल." शंका रास्त आहे आणि तिला नुसतं "काही होत नाही" म्हणून उत्तर देता येत नाही. इथे लिहिण्याची तऱ्हा महत्त्वाची. "आमचं चुकलं" अशी कबुली देत बसलं तर वाचणारा चुकीपाशीच थांबतो. आकडा जुळला, तो कशाने जुळला हे खटकलं, म्हणून हे तपासलं, त्यातून हे कळलं आणि हे अजून कळलेलं नाही, अशा क्रमाने सांगितलं तर वाचणारा तिच्यासोबत पुढे जातो. मॉडेल प्रत्यक्षाशी जुळवताना भलताच गुणांक पिळून आकडे आणायचे, हा मोह या क्षेत्रातल्या प्राध्यापकांच्या चांगल्या ओळखीचा असतो. एका पदवीच्या विद्यार्थिनीला तो ओळखता आला, याचं वजन त्यांच्या लेखी ९२ टक्क्यांपेक्षा जास्त असतं.

नवा परिच्छेद तिने लिहिला, तो साधारण असा:

"शेवटच्या वर्षी आम्ही आमच्या गावच्या पाणीपुरवठ्याचं मॉडेल केलं. शेवटच्या वॉर्डातला मोजलेला दाब मॉडेलपेक्षा ८ मीटरने कमी होता. आम्ही पाइपाचा गुणांक १४० वरून ७० केला आणि आकडे जुळवले. सहा वर्षांच्या पीव्हीसी पाइपासाठी ७० हा आकडा मला पटला नाही. पाण्याच्या दिवशी मी त्या वॉर्डात थांबले, तेव्हा कारण पाइपात नसून वेळापत्रकात आहे असं दिसलं. पाणी तीन दिवसांतून दीड तास येतं आणि सर्व घरं ते एकाच वेळी घेतात. दाबानुसार मागणी धरून मी मॉडेल पुन्हा चालवलं. गुणांक न बदलता फरक ८ वरून २ मीटरवर आला. रिकामे पाइप भरत असतानाची पहिली वीस मिनिटं मात्र या पद्धतीने मांडता येत नाहीत. खंडित पुरवठ्याचं जाळं कसं मांडावं, हे मला शिकायचं आहे."

यात स्वतःचं कौतुक करणारं एकही विशेषण नाही. "मी जिज्ञासू आहे", "माझ्याकडे चिकाटी आहे" असंही कुठे म्हटलेलं नाही. शिवाय वाक्यांचा क्रम बदलून पाहा, बदलता येत नाही. एपानेटचं प्रमाणपत्र वेगळं सांगायची गरजही उरली नाही, कारण ते सॉफ्टवेअर कुठे कमी पडतं हे तिला ठाऊक आहे, आणि प्रमाणपत्रापुरतं शिकणाऱ्याला ते सहसा ठाऊक नसतं.

हा परिच्छेद जागेवर बसला की पाचव्याचं दुखणं आपोआप उघडं पडतं. "जगप्रसिद्ध विद्यापीठ, नामवंत प्राध्यापक" हा मजकूर विद्यापीठाचं नाव बदलून कुठेही पाठवता येतो, आणि मुलं तो तसाच पाठवतातही. कधी कधी नाव बदलायचंही राहून जातं आणि एका विद्यापीठाच्या अर्जात दुसऱ्याची स्तुती पोहोचते. इथली तपासणी सोपी आहे. नाव झाकून परिच्छेद वाचायचा. कुठलं विद्यापीठ आहे हे ओळखता आलं नाही तर तो परिच्छेद काढून टाकायचा.

तिला बर्कलीच का, याचं उत्तर आता तिच्या प्रश्नातच सापडतं. बर्कलीच्या कारा नेल्सन आणि त्या वेळी त्यांच्यासोबत काम करणाऱ्या एमिली कुम्पेल यांनी हुबळी-धारवाडमध्ये अभ्यास करून तो २०१३ साली प्रसिद्ध केला. एकाच शहरात काही भागांना चोवीस तास पाणी आणि काही भागांना ठरावीक वेळीच, अशी तिथे स्थिती होती. त्यांनी दोन्हीकडच्या पाण्याची तुलना केली, तेव्हा खंडित पुरवठ्याच्या पाण्यात जंतुदूषणाच्या खुणा जास्त आढळल्या. पुढे त्यांनी यामागची कारणंही तपासली. पाणी सुटल्यानंतर पहिल्यांदा येणारं पाणी आणि दाब कमी असतानाचा काळ, या दोन्हींकडे त्यात लक्ष दिलेलं आहे. आपल्या मुलीची अडलेली पहिली वीस मिनिटं ती हीच. कुठल्या गल्लीतला पाइप किती वाजता भरतो हे मॉडेलने सांगता आलं, तर दूषित पाणी आधी कुठे पोहोचेल याचा अंदाज बांधता येईल. दोन विषयांना जोडणारा हा दुवा तिने स्वतः पाहिला, आणि "इथेच का" याला एवढं उत्तर भरपूर झालं.

इथेही यादी मागच्या दाराने परत येऊ पाहते. चार प्राध्यापकांची नावं, सहा विषयांची नावं आणि तीन प्रयोगशाळा ओळीने लिहिल्या की अभ्यास केल्यासारखं दिसतं. विभागाच्या संकेतस्थळावरून ते दहा मिनिटांत उतरवता येतं हे समितीलाही कळतं. एकाच कामाबद्दल लिहावं, ते खरोखर वाचलेलं असावं, आणि वाचून आपल्या प्रश्नात काय भर पडली ते सांगावं. एमएससाठी अर्ज असेल तर "अमुक सरांच्या हाताखाली संशोधन करेन" असं ठासून म्हणण्यातही अर्थ नसतो. अनेक एमएस अभ्यासक्रम मुख्यतः वर्गातल्या विषयांवर चालतात, प्रबंध असेलच असं नाही. आपण अर्ज करतोय तो अभ्यासक्रम कोणत्या प्रकारचा आहे हे आधी पाहिलेलं बरं.

मग तालुक्यात दुसरा क्रमांक, वक्तृत्व, कथक, एनएसएस यांचं काय करायचं? खोडायला सांगितलं की मुलांना वाटतं, इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली. तसं काही होत नाही, प्रत्येक गोष्टीला फाइलमध्ये तिची जागा असते. क्रमांक आणि स्पर्धा सीव्हीत आहेतच. पायथनचं प्रमाणपत्रही तिथेच. पण गेजच्या नोंदी वाचायला तिने पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला असेल, तर तेवढा उल्लेख प्रकल्पाच्या परिच्छेदात शोभतो. एनएसएसच्या शिबिरामुळे त्या वॉर्डातली घरं ओळखीची झाली आणि म्हणून लोकांनी नळाला गेज लावू दिलं असेल, तर एनएसएस अर्ध्या वाक्यात एसओपीत येईल, आणि त्या जागी ते नेतृत्वगुणांच्या दाव्यापेक्षा जास्त बोलेल. मार्गदर्शक सरांना शिफारसपत्र लिहिताना याची आठवण करून द्यावी: प्रकल्प संपल्यावरही मी दाबाचा प्रश्न सोडला नव्हता, हे तुम्ही पाहिलं आहे. तीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून आली की तिचं वजन वाढतं.

घरची परिस्थिती, गावातून शिकायला बाहेर पडलेली पहिली मुलगी असणं, अशा गोष्टींनाही जागा असते, पण ती वेगळी. बर्कली तर यासाठी दोन स्वतंत्र निवेदनं मागते. एक स्टेटमेंट ऑफ पर्पज आणि दुसरं पर्सनल हिस्टरी स्टेटमेंट. अभ्यासाची दिशा पहिल्यात, आयुष्याची वाट दुसऱ्यात. ज्यांनी दोन्हींत एकच मजकूर फिरवून घातला त्यांनी एक संधी वाया घालवली असंच म्हणायचं. ब्रिटनमध्ये पदवीच्या प्रवेशासाठी यूकासमार्फत अर्ज होतात. तिथे २०२६ च्या प्रवेशांपासून सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्न विचारले जाऊ लागले आहेत: हा विषय का, आजवरच्या शिक्षणाने तुमची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलंत. एकूण मर्यादा पूर्वीसारखीच ४,००० अक्षरांची. प्रश्नच वेगळे पाडल्यामुळे तिथे "हा विषय का" याचं उत्तर बक्षिसांनी देता येत नाही.

यादी नको म्हटल्यावर मुलं कधी कधी उलट्या टोकाला जातात. दुसरा मसुदा आजीच्या डोक्यावरच्या हंड्यापासून सुरू होतो, पहिलं अर्धं पान दुष्काळाचं वर्णन, मग कुणा थोर माणसाचं वचन, आणि तेव्हाच ठरवलं की पाण्यासाठी आयुष्य वाहायचं. हंडा खरा असेलही. पण त्यातून दाबाचा प्रश्न निघत नाही. हंड्यानंतर आठ-दहा वर्षांनी तो निघाला, एका न पटलेल्या गुणांकातून. जिथे प्रश्न खरोखर जन्मला तिथूनच सुरुवात केली तर पहिल्या चार ओळींत वाचणाऱ्याला विषय कळतो.

मसुदा बिघडवण्यात अभिप्राय देणाऱ्यांचाही हात असतो. मुलगी मसुदा पाचजणांना दाखवते. काका म्हणतात, बोर्डातले गुण का काढलेस? कॉलेजमधली मॅडम म्हणतात, पारितोषिकाचा उल्लेख हवाच. आधी अमेरिकेत गेलेला मित्र म्हणतो, माझ्या एसओपीत नेतृत्वावर एक परिच्छेद होता. प्रत्येकाच्या सूचनेचा मान राखता राखता खोडलेलं सगळं परत येतं आणि मसुदा पुन्हा मूळ पदावर. तेव्हा दोघांहून जास्त लोकांना विचारू नये. त्यातला एक विषय जाणणारा असावा. तो तांत्रिक विधानं तपासेल. गुणांक ७० पीव्हीसीला का पटत नाही हे त्याला कळेल. दुसरा विषय न जाणणारा असावा, म्हणजे धागा कुठे तुटतो ते तो सांगेल. आणि दोघांपैकी कुणीही स्वतःच्या शब्दांत लिहून देऊ नये. वाक्य कुठे अडतंय ते दाखवावं, प्रश्न विचारावा, पेन मुलीच्याच हातात राहू द्यावं. दुसऱ्याने सफाईदार करून दिलेला मजकूर आणि मुलाखतीतलं तिचं बोलणं यांत पडलेलं अंतर लपत नाही.

पाठवण्यापूर्वी शेवटची तपासणी या दुसऱ्या, विषय न जाणणाऱ्या वाचकाकडून करून घ्यावी. त्याने मसुदा एकदाच वाचावा, कागद बाजूला ठेवावा आणि या मुलीला काय शिकायचं आहे ते दोन वाक्यांत सांगावं. "हुशार आहे, बरंच काही केलंय हिने" असं तो म्हणाला तर मसुदा अजून यादीच आहे, मुदत जवळ आली असली तरी तिसरा परिच्छेद पुन्हा लिहायला हवा. आणि तो जर म्हणाला, "हिच्या गावाला तीन दिवसांनी पाणी येतं आणि असल्या जाळ्याचा हिशेब नेहमीच्या सॉफ्टवेअरला जमत नाही, तो कसा करायचा ते हिला शिकायचंय," तर आता व्याकरण तपासायला हरकत नाही.